सर्क्युलर सुई घेताना: केबल किती लांब आणि टोक कशाचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन सरळ सुयांवर वर्षानुवर्षं विणलेल्या बायकांना सर्क्युलर सुई, म्हणजे लवचिक केबलने जोडलेली दोन कडक टोकं, पहिल्यांदा हातात घेतली की हेच प्रश्न पडतात. मलाही पडले होते. पुण्यात घरीच शनिवारी विणकाम शिकवते, तेव्हा जे प्रश्न पुन्हापुन्हा समोर येतात तेवढेच इथे घेतले आहेत. ‘लोकर’ हा शब्द आपण सगळ्याच धाग्यांना लावतो, पण इथे तो खऱ्या, मेंढीच्या लोकरीसाठीच वापरला आहे. सुती आणि ॲक्रिलिक धाग्याला त्यांच्या नावानेच हाक मारली आहे, कारण सगळा फरक तिथेच पडतो.

पाकिटावर ८० सेंमी लिहिलंय. म्हणजे केबल ८० सेंमीची का?

बहुतेक वेळा नाही. एका टोकाच्या अणीपासून दुसऱ्या टोकाच्या अणीपर्यंत, सुई सरळ ताणून धरली असता, जी लांबी येते ती छापलेली असते. दोन्हीकडची कडक टोकं त्यात धरलेली असतात.

घोळ होतो तो टोकं काढता-घालता येणाऱ्या सुयांमध्ये. तिथे केबल वेगळी विकत मिळते आणि तिच्या पाकिटावर काही कंपन्या जोडून तयार होणारी लांबी छापतात, तर काही फक्त केबलची. नेहमीची टोकं साधारण १२ सेंमीची असतात, म्हणजे दोन मिळून २४. म्हणून ५६ सेंमीची केबल जोडली की ८० सेंमीची सुई होते, ७६ची जोडली की १०० आणि ९४ची जोडली की जवळपास १२०. पाकिटावर ३५, ५६, ७६, ९४ असे विचित्र आकडे दिसले तर ती नुसती केबलची लांबी आहे असं समजा. ६०, ८०, १०० असे गोल आकडे असले तरी मागची बारीक अक्षरं वाचाच. ऑनलाइन मागवलेली ‘८०ची केबल’ जोडल्यावर वीतभर जास्त लांब निघाली, अशी तक्रार दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी घेऊन येतंच.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. ४० सेंमीची सुई हवी असेल तर नेहमीची १२ सेंमीची टोकं चालत नाहीत. २४ सेंमी टोकांतच गेले, उरली १६ सेंमीची केबल. तेवढ्यात ती नीट वळत नाही आणि दोन्ही टोकं एकमेकांसमोर आणताना मनगटं दुखायला लागतात. ४०साठी आखूड टोकं वेगळी घ्यावी लागतात, नाहीतर सरळ जोडलेली, न सुटणारी ४०ची सुई घ्यावी. मी दुसरा मार्ग धरला आहे.

आमच्याकडे ‘८ नंबरची सुई’ म्हणतात. परदेशी पॅटर्नमधली ‘साइझ ८’ तीच ना?

नाही. आपल्याकडचे जुने नंबर इंग्लंडच्या पद्धतीचे आहेत, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिमी आणि १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकन नंबर उलट चालतात, त्यांची ८ म्हणजे ५ मिमी. मुलीने अमेरिकेतून पाठवलेला पॅटर्न असेल तर नंबर विसरा आणि फक्त मिलिमीटर बघा.

मग लांबी ठरवायची कशी?

आधी एकच विचारा: हे विणकाम गोल फेऱ्यांत आहे की सपाट ओळींत?

गोल विणताना सुई कापडाच्या घेरापेक्षा मोठी असून चालत नाही. टाके सुईवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचले पाहिजेत, तरच पुढचा टाका विणता येतो. घेर ५० सेंमी आणि सुई ६०ची असेल, तर टाके ताणले जातात, दोन टोकांमध्ये फट पडते आणि दर दहा टाक्यांनी कापड ओढत बसावं लागतं. थोडं ताणता येतं हे खरं, विशेषतः दोन सुलट-दोन उलटच्या बॉर्डरला, पण त्यात मजा नाही. म्हणून सुई घेरापेक्षा पाच-दहा सेंमी आखूड घ्यावी.

उलट बाजूला मात्र भरपूर मोकळीक आहे. सुईच्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट रुंदीचं कापड तिच्यावर चुणीसारखं दाटीने बसतं. बारीक धागा, जाळीदार वीण असेल तर सहज बसतं. जाड, फुगीर धाग्याचे टाके इतके दाबले जात नाहीत, तिथे दीडपटीवर थांबावं.

सपाट विणताना खालची मर्यादा उरतच नाही. वीस टाक्यांचा मफलरही १०० सेंमीच्या सुईवर विणता येतो, उरलेली केबल नुसती लोंबत राहील. म्हणजे सपाट कामासाठी ‘फार लांब’ असं काही नसतं, फक्त अडगळ असते. गोल कामासाठी मात्र ‘फार लांब’ म्हणजे काम अडलंच.

घेर काढायला मोजपट्टी लागत नाही, टाकेच सांगतात. नमुन्याच्या चौकोनात १० सेंमीत २२ टाके येत असतील, तर एका सेंटिमीटरला २.२ टाके. सुईवर जितके टाके असतील त्यांना २.२ने भागा. १०८ टाक्यांची कानटोपी ४९ सेंमीची होते, म्हणून ४०ची सुई. वर टाके कमी करत जाताना ८८च्या खाली आलात की घेर ४० सेंमीहून कमी होतो आणि सुई ओढायला लागते. तिथे दोन्हीकडे टोकं असलेल्या आखूड सुया घ्या किंवा खाली सांगितलेला मॅजिक लूप करा.

एकच सुई घेणार असेन तर कोणती?

८० सेंमी. हे मी बिनधास्त सांगते. मोठ्या माणसाच्या स्वेटरचं अंग तिच्यावर गोल विणता येतं, बाळाचं दुपटं सपाट विणता येतं आणि केबल लवचिक असेल तर मोजा, बाही, टोपडं असलं लहान घेराचं सगळं मॅजिक लूपने होतं.

मॅजिक लूप म्हणजे टाके अर्धे-अर्धे वाटून मधून केबलचा मोठा फास बाहेर ओढायचा. पुढचे अर्धे टाके विणून झाले की काम फिरवायचं आणि केबल ओढून दुसरे अर्धे विणायचे. इथे केबलच्या लांबीइतकाच तिचा मऊपणा महत्त्वाचा. जाडसर प्लॅस्टिकची कडक केबल असेल तर तो फास टाक्यांना दोन्हीकडे रेटतो आणि तिथे शिडीसारखी सैल रेघ पडते. प्रत्येक अर्ध्या भागाचा दुसरा टाका जरा ओढून विणला की शिडी कमी होते. पहिला ओढून फारसं काही होत नाही, कारण ओढ बसते तीच मुळी दुसरा टाका विणताना. सवय नसेल तर मॅजिक लूपसाठी १०० सेंमी अधिक सोयीची, फास मोठा राहतो आणि टाके निसटत नाहीत.

वरून खाली विणायचा स्वेटर करायचाय. त्यात घेर सारखा बदलतो. किती सुया लागतील?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण एका कपड्यात सगळे घेर येऊन जातात. गेल्या हिवाळ्यात भाचीसाठी केलेल्या स्वेटरचाच हिशोब मांडते. तिची छाती ७८ सेंमी. मध्यम जाडीची लोकर, ४ मिमी सुई, १० सेंमीत २२ टाके.

गळ्याला घातले ९६ टाके. ९६ला २.२ने भागलं की साधारण ४४ सेंमी. म्हणजे ४०ची सुई, दुसरा पर्यायच नाही. इथे ६०ची घेऊन बसलात तर टाके गोल जोडताना ताणून पिळले जातील आणि पिळलेली फेरी नंतर सरळ करता येत नाही, सगळं उसवावं लागतं.

मग खांद्याच्या चार तिरक्या रेघांवर, दर दुसऱ्या फेरीत आठ टाके वाढत जातात. ४०च्या सुईवर गर्दी कधी व्हायला लागते ते हात सांगतो: टाके पुढे ढकलावे लागतात, आणि टोकावरून एखादा निसटतो. पण ८०वर लगेच उडी मारता येत नाही, कापड तेवढं झालं पाहिजे. ८० सेंमी गुणिले २.२ म्हणजे १७६ टाके. दहा वेळा वाढवलं की ९६ अधिक ८०, बरोब्बर १७६. म्हणजे विसाव्या फेरीनंतर सुई बदलायची. बदलायची म्हणजे टाके हलवायचे नाहीत, पुढची फेरी सरळ ८०च्या टोकाने विणत जायची, फेरी संपता संपता ४०ची सुई आपोआप मोकळी होते. मधल्या ६०च्या सुईची गरज पडली नाही. जाड धागा असता तर कदाचित पडली असती.

एकूण २६ वेळा वाढवून ३०४ टाके झाले: पुढे ८६, मागे ८६ आणि दोन बाह्यांचे ६६-६६. ३०४ टाके म्हणजे १३८ सेंमी कापड, ८०च्या सुईवर पावणेदोन पट. दाटी झाली, पण चालली. इथे अंगावर घालून बघायचं असेल तर मात्र तेवढ्यापुरती १२० सेंमीची केबल जोडा. नाहीतर गळ्यातून डोकं जातं पण खांदे मावत नाहीत, आणि आपल्याला वाटतं की स्वेटरच लहान झाला.

बाह्यांचे टाके वेगळ्या दोऱ्यावर ठेवले, काखेत ८-८ टाके घातले, आणि अंगाचे झाले १८८. म्हणजे ८५ सेंमी. तीच ८०ची सुई शेवटपर्यंत. पण हेच चार-पाच वर्षांच्या मुलाचं असतं तर अंगाचा घेर ६२-६५ सेंमी आला असता आणि ८०ची सुई मोठी पडली असती, तिथे ६० हवी. लहान मुलांचं जास्त विणणाऱ्या आजीने ८०ऐवजी ६०च आधी घ्यावी.

बाही ७४ टाक्यांची, ३४ सेंमी, आणि मनगटाशी ४८ टाके म्हणजे २२ सेंमी. मी त्याच ८०वर मॅजिक लूप केला. एकंदर दोन लांबीच्या सुयांत स्वेटर झाला.

मोजे आणि बाह्यांसाठी २३ सेंमीची छोटी सुई मिळते. घेऊ का?

एकदा कुणाची तरी उसनी घेऊन दोन फेऱ्या विणून बघा. तिची टोकं जेमतेम पाच-सहा सेंमीची असतात, तळहाताला आधार मिळत नाही, सगळं काम बोटांच्या शेवटच्या पेरांवर येतं. काहींना ती फार आवडते, फेरी न थांबता पळते. माझा अंगठा दुसऱ्या दिवशी बोलायला लागतो. शिवाय लहान मुलांच्या मोज्याला ती मोठी आणि मोज्याच्या टोकाला तर कुणाच्याच उपयोगाची नाही.

त्रिकोणी शालीसाठी?

शाल सपाट असते, तीन-चार टाक्यांपासून सुरू होऊन शेवटी साडेतीनशे-चारशे होतात. १० सेंमीत १८ टाके धरले तर ३५० टाके म्हणजे जवळजवळ १९५ सेंमी. १०० सेंमीच्या सुईवर हे मावतं, जाळीदार वीण दाबून बसते. ८०वरही बसेल, पण प्रत्येक ओळीत टाके ढकलत बसाल आणि चूक झालेली दिसणार नाही. मोठ्या पांघरुणाला १२० घ्यावी, आणि तिथे दुसरं कारण वजन आहे. लांब सुईवर भार मांडीवर राहतो, मनगटांवर नाही. सरळ सुया सोडून सर्क्युलरवर येण्याचं खरं कारण माझ्या ओळखीत तरी बहुतेकींचं हेच होतं.

आता टोक. लाकूड, बांबू, स्टील, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक. चांगलं कोणतं?

‘चांगलं’ कुठल्या धाग्यासाठी, ते आधी सांगा. टोकाचं काम टाक्यांना किती धरायचं आणि किती सोडायचं हे ठरवणं. धागा स्वतः चिकटून राहणारा असेल तर सुई निसरडी हवी, आणि धागा निसरडा असेल तर सुई धरणारी हवी. दोन्ही चिकट झाले की वेग मरतो, दोन्ही निसरडे झाले की टाके गळतात.

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, ते एकमेकांना आणि सुईलाही अडकतात. म्हणून लोकर पॉलिश केलेल्या धातूवर झरझर विणली जाते. सुटलेला टाकाही जागच्या जागी थांबतो, लगेच खाली धावत नाही. रेशीम, व्हिस्कोस आणि बांबूपासून केलेला चकचकीत धागा यांना खवले नसतात. ते धातूवर घेतले की वाटीतल्या पाऱ्यासारखे पळतात. त्यांना लाकूड किंवा बांबू.

या दोघांतही फरक आहे. बांबूचं टोक जास्त धरतं आणि हातात हलकं लागतं. लाकडाच्या पातळ थरांना दाबून केलेली, वरून पॉलिश मारलेली टोकं बांबू आणि धातूच्या मधली. कुठल्या धाग्यावर काय वापरावं ते अजून कळत नाही, असं म्हणणाऱ्याला मी हीच देते. मात्र ३ मिमीच्या खाली लाकूड-बांबू घेताना विचार करा. बारीक टोक घट्ट हाताने विणताना मोडतं, सोफ्यावर विसरलं आणि कुणी बसलं तर नक्कीच मोडतं. मोज्यांच्या २ ते २.५ मिमी सुया मी स्टीलच्याच घेते.

पण आम्ही तर जास्त करून सुती आणि ॲक्रिलिक वापरतो.

मग तुमच्यासाठी वरचं थोडं बदलून सांगावं लागेल.

सुती धाग्याला लवचिकपणा नसतो. लोकर ताणली की परत येते, सूत येत नाही. त्यामुळे टाका सुईवर घट्ट बसला की घट्टच राहतो, आणि खडबडीत बांबूवर तो पुढे ढकलताना बोटं लाल होतात. घट्ट हात असेल तर सुतासाठी धातू घ्या. सैल हात असेल तर लाकूड, नाहीतर टाके लहान-मोठे होऊन कापड ओबडधोबड दिसतं. दुसरी कटकट म्हणजे पदर सुटणं. सैल पिळाच्या सुती धाग्यात टोकदार सुई दोन पदरांच्या मधूनच घुसते आणि अर्धाच टाका विणला जातो. हे विणताना कळत नाही, दोन ओळींनंतर कापडावर एक लोंबता धागा दिसतो तेव्हा कळतं. अशा धाग्याला टोक जरा बोथट हवं. म्हणजे सुतासाठी मटेरियल हाताप्रमाणे ठरवा आणि टोकाची अणी धाग्याच्या पिळाप्रमाणे.

ॲक्रिलिकचं गाऱ्हाणं वेगळं. ते स्वतः प्लॅस्टिकच, प्लॅस्टिकच्या सुईवर करकरतं आणि घामेजल्या बोटांनी विणताना अडकतं. बांबूवरही ब्रेक लागल्यासारखं होतं. साधं ॲक्रिलिक मी स्टील किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेच्या टोकांवर विणते. स्वस्त धाग्याला महाग सुई कशाला, असं दुकानदार म्हणतात. सुई पुढची वीस वर्षं राहणार आहे, धागा महिनाभर.

जाळीच्या विणीला ‘लेस टिप’ लागतेच का?

दोन-तीन टाके एकत्र विणायचे, मागून घालायचे, असं सतत करायचं असेल तर लांब, टोकदार अणीने काम सोपं होतं. बोथट सुई तीन टाक्यांत शिरतच नाही. पण बोटाच्या पेराने सुईचं टोक मागे ढकलायची ज्यांची सवय आहे त्यांना संध्याकाळपर्यंत भोक पडल्यासारखं दुखतं. मोहेरसारख्या केसाळ धाग्याला टोकदार आणि लाकडी असा मेळ मला सगळ्यात जमतो. धातूवर मोहेरचा निसटलेला टाका शोधणं आणि पकडणं, दोन्ही जड जातं.

सुईचं मटेरियल बदललं तर मापात फरक पडतो का? मिलिमीटर तर तेच आहेत.

पडतो, आणि मी तो स्वतःच्या हाताने करून बसले आहे. एका स्वेटरचं अंग लाकडी ४ मिमीवर अर्धं झालं होतं. प्रवासात ती सुई घरी राहिली म्हणून स्टीलची ४ मिमी घेतली. निसरड्या सुईवर माझा हात सैल सुटतो. १० सेंमीत २२ऐवजी २१ टाके यायला लागले. एकाच टाक्याचा फरक, पण १८८ टाके २.२ने भागले तर ८५ सेंमी, आणि २.१ने भागले तर साडेएकोणनव्वद. स्वेटर खाली चार सेंमीने पसरला, आणि जिथे सुई बदलली तिथे कापडावर आडवी रेघ दिसायला लागली. धुऊनही गेली नाही. बारा सेंमी उसवलं.

कुणाकुणाचं उलटं होतं, निसरड्या सुईवर टाके पळतील या धास्तीने हात घट्ट होतो. म्हणून नमुना ज्या सुईवर स्वेटर विणणार त्याच सुईवर करायचा. अंग एका मटेरियलवर आणि बाह्या दुसऱ्यावर हेही टाळायचं. मुद्दाम बदलावं लागलंच तर काठाच्या बॉर्डरवर बदला, तिथे वीणच वेगळी असल्याने रेघ लपते.

याचा फायदाही करून घेता येतो. नमुन्यात थोडे जास्त टाके येताहेत आणि पुढच्या जाडीची सुई घेतली तर फार कमी येतात, अशा वेळी जाडी तीच ठेवून लाकडावरून स्टीलवर जा.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत लाकडी सुया चालतात का?

चालतात, पण पावसाळ्यात जरा चिकट लागतात, आणि घामामुळे ते जास्त जाणवतं. कोरड्या फडक्याने पुसा, बटर पेपरने चार वेळा घासा. अणीला तंतू सुटून धागा अडकायला लागला तर सगळ्यात बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने, अणीच्या दिशेने घासून पुन्हा बटर पेपर फिरवा.

घामाचा जास्त त्रास धातूला होतो. बिनमुलाम्याच्या ॲल्युमिनियमची करडी काजळी बोटांना आणि पांढऱ्या धाग्याला लागते, बाळाच्या पांढऱ्या अंगड्यावर ती फार वाईट दिसते. निकेलचा मुलामा घामाने कालांतराने उडतो. आणि खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या कानाला खाज सुटते त्यांनी निकेलपासून लांब राहावं. स्टेनलेस स्टीलमध्येही निकेल असतं, ते सहसा त्रास देत नाही, पण त्वचा फारच नाजूक असेल तर सरळ लाकूड घ्या.

केबल गुंडाळीसारखी वळलेलीच राहते. आणि जोडावर टाके अडकतात.

वळलेली केबल गरम पाण्यात मिनिटभर धरा, सरळ ताणून गार होऊ द्या. टोकं लाकडी असतील तर ती पाण्याबाहेर ठेवा. आत स्टीलची तार आणि वर नायलॉन असलेल्या केबलला हे करावं लागत नाही, ती मुळात वळणं धरत नाही. मात्र तिला मॅजिक लूपमध्ये कचकन मोडून घडी घालू नका, एकदा घडी पडली की ती जात नाही.

जोड विकत घेण्याआधी नखाने तपासा. केबलवरून टोकाकडे नख फिरवलं आणि ते अडलं, तर तिथे टाकाही अडणार. बारीक धाग्याला तर नक्कीच. स्क्रूची टोकं असतील तर सोबत मिळणारी छोटी पिन भोकात घालूनच घट्ट करा. नुसत्या बोटांनी आवळलेला जोड चाळीस-पन्नास ओळींत सैल होतो, फटीत धागा जातो, आणि एके दिवशी टोक हातात नि दीडशे टाके हवेत. दर दोन-चार दिवसांनी चाचपून बघायची सवय ठेवा. पिन हरवली तर मोठी सेफ्टी पिन किंवा कागदाची क्लिप सरळ करून चालते.

टोकांचा आणि केबलचा पूर्ण सेट घ्यावा का?

पहिल्या वर्षी नको. सेटमध्ये एकाच मटेरियलची आठ-दहा जाड्यांची टोकं येतात, त्यातल्या तीन-चारच वापरल्या जातात. आणि मटेरियल आपल्या हाताला मानवलं नाही तर सगळाच सेट पडून राहतो. त्याच पैशांत ४ मिमीची एक लाकडी आणि एक स्टीलची ८०ची सुई, शिवाय ४०ची एक घ्या, आणि आपण खरोखर काय विणतो ते बघा. मग सेट घ्यायचाच झाला तर आधी त्या कंपनीची सुटी टोकं आणि सुट्या केबल आपल्याकडे मिळतात का ते विचारा. एका कंपनीचा स्क्रू दुसरीच्या केबलला सहसा बसत नाही, आणि काहींच्या तर बारीक आणि जाड टोकांचे स्क्रूही वेगळे असतात. केबलच आधी खराब होते, टोकं नाही.